उधारी खाते उघडण्याबाबत

मा. शेठजी,
भुसार विभाग, मार्केट यार्ड, पुणे

स.न.वि.वि.

भोरचे आमचे किराणा दुकान दोन वर्षांपासून तुमच्याकडून डाळी, साखर, पोहे रोखीने नेते. आता पंधरा हजारांपर्यंत उधारी आणि बिलापासून पंधरा दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती. जास्त नको, झेपेल तेवढेच मागते आहे. गावातली गिऱ्हाइके पगार झाल्यावर वही चुकती करतात, त्यामुळे महिनाअखेरीस माल भरायला हात आखडतो. आधीचे बिल फिटल्याशिवाय नवा माल उचलणार नाही. पैसे यूपीआयने पाठवीन. शॉप अ‍ॅक्ट आणि अन्न परवान्याच्या प्रती जोडल्या आहेत. उधारीचा भाव रोखीपेक्षा वेगळा असल्यास आधीच कळवावा.

आपली विश्वासू,
सुनंदा शिंदे
साईकृपा किराणा, भोर