गोषवाऱ्याची पुनर्मांडणी: यंत्रमाग कामगारांच्या कानाच्या तक्रारी

तुझा गोषवारा काल रात्री दोनदा वाचला. काम चांगलं आहे, पण सगळं एका दमात सांगून टाकलंयस. चर्चासत्रवाल्यांना चार मथळे हवेत: पार्श्वभूमी, पद्धती, निष्पत्ती, निष्कर्ष. मर्यादा २५० शब्दांची. मजकूर मी तोडून पुन्हा बांधला आहे. आधी तुझा मूळ परिच्छेद जसाच्या तसा ठेवते, म्हणजे कोणतं वाक्य कुठे गेलं ते तुला दिसेल.

मूळ

सोलापूर हे चादर आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध असून सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग असून असंख्य कामगारांचे जीवन त्यावर अवलंबून आहे. यंत्रमागाच्या प्रचंड आवाजामुळे कामगार बहिरे होतात ही गंभीर समस्या असून तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत संशोधनात ६२ कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुमारे ७० टक्के कामगारांना ऐकू येत नाही असे निष्कर्ष निघाले. आवाज मोजला असता तो १०१ डेसिबलपर्यंत आढळला, जो मर्यादेपेक्षा खूप जास्त आहे. कामगार कानात काहीही घालत नाहीत, काही जण कापूस घालतात. जुन्या कामगारांमध्ये प्रमाण अधिक दिसून आले. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो असेही २१ जणांनी सांगितले. मालकांनी आणि शासनाने तातडीने उपाययोजना करावी, इअरप्लग मोफत द्यावेत, वैद्यकीय तपासणी करावी व जनजागृती करावी असा निष्कर्ष प्रस्तुत संशोधनातून निघतो.

पुनर्मांडणी

*शीर्षक:* सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांमधील ऐकण्याच्या तक्रारी: मुलाखती व आवाजमापनावर आधारित अभ्यास

पार्श्वभूमी: धोट्याच्या यंत्रमागावर धोटा दर फेरीला आदळत असल्याने आवाज मोठा आणि सततचा असतो. असा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडल्यास श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते. सोलापूरच्या पूर्व भागात लहान कारखान्यांतून असे माग चालतात. येथील कामगारांना ऐकण्याच्या कोणत्या तक्रारी आहेत आणि त्या कामाच्या वर्षांनुसार बदलतात का, हे पाहणे हा या अभ्यासाचा उद्देश होता.

पद्धती: किमान पाच वर्षे धोट्याच्या मागावर काम केलेल्या, नऊ कारखान्यांतील ६२ कामगारांच्या मुलाखती मराठी वा तेलुगू भाषेत प्रश्नावलीच्या आधारे घेतल्या. दोन मुलाखती अपूर्ण राहिल्याने विश्लेषणात ६० जणांचा समावेश केला. कारखाने व कामगार ओळखीतून व सोयीने निवडले. मालकांची परवानगी मिळालेल्या आठ कारखान्यांत, माग चालू असताना, कामगाराच्या कानाच्या उंचीवर ध्वनिमापकाने आवाज मोजला. श्रवणचाचणी केली नाही.

निष्पत्ती: आठही कारखान्यांत आवाज ९३ ते १०१ डेसिबल (ए) होता. समोरच्याला वाक्य पुन्हा बोलायला सांगावे लागते, असे ६० पैकी ३८ जणांनी (६३ टक्के) सांगितले. दहा किंवा अधिक वर्षे काम केलेल्यांत हे प्रमाण ३४ पैकी २६ (७६ टक्के), तर त्याहून कमी वर्षे काम केलेल्यांत २६ पैकी १२ (४६ टक्के) होते. कानात शिट्टीसारखा आवाज येत असल्याची तक्रार २१ जणांची (३५ टक्के) होती. चार जण कानात कापूस घालतात. इअरप्लग कोणीही वापरत नाही.

निष्कर्ष: अभ्यासलेल्या कामगारांत ऐकण्याच्या तक्रारी वारंवार आढळल्या आणि जास्त वर्षे काम केलेल्यांत त्या अधिक होत्या. वयाचा परिणाम वेगळा काढलेला नाही व श्रवणचाचणी केलेली नाही. त्यामुळे तक्रारींचे कारण आवाजच आहे असे या माहितीवरून म्हणता येत नाही. श्रवणचाचणीसह अभ्यास आणि इअरप्लगचा वापर यांची गरज दिसते.

आता काय बदललं आणि का, ते सांगते.

सगळ्यात मोठा घोळ ‘निष्कर्ष’ या शब्दाचा. तू तो दोनदा वापरलास: एकदा आकडा सांगताना, एकदा मागण्या मांडताना. आपल्याकडे प्रबंधांत ही सवयच पडली आहे, मिळालेली माहितीही निष्कर्ष आणि त्यावरचं मतही निष्कर्ष. एका परिच्छेदात ते खपून जातं. मथळे पडले की खपत नाही. मोजलेलं, मोजून आलेलं ते सगळं निष्पत्तीत. त्यावरून तू जे म्हणू शकतेस, तेवढंच निष्कर्षात.

म्हणून ‘बहिरे होतात’ काढलं. तू कोणाचीही श्रवणचाचणी केली नाहीस, विचारलंस. शिवाय ते वाक्य तू मुलाखतींच्याही आधी लिहिलं होतंस. उत्तर पार्श्वभूमीतच देऊन ठेवलं तर साठ जणांना विचारायचं कशाला? उलटीही बाजू आहे. ज्यांना अगदीच ऐकू येईना आणि जे माग सोडून घरी बसले, ते तुझ्या साठांत नाहीतच. म्हणजे खरं प्रमाण जास्तही असू शकतं. शब्दमर्यादेमुळे हे गोषवाऱ्यात घेतलं नाही, सादरीकरणात नक्की सांग.

७० टक्के कुठून आले? तुझ्या तक्त्यात ३८ आहेत. ६२ ने भागलं तर ६१, ६० ने भागलं तर ६३. सत्तर कशानेच येत नाहीत. लपवायचा तुझा हेतू नव्हता हे मला माहीत आहे, पण ६२ आणि ६० मधला फरक त्या सलग मजकुरात दडून बसला होता. पद्धती आणि निष्पत्ती शेजारी येताच तो दिसला. त्या दोन अपूर्ण मुलाखती कशामुळे राहिल्या, ते तुझ्या वहीत पाहून ठेव, कोणीतरी विचारेलच.

‘मर्यादेपेक्षा जास्त’ हेही काढलं. कारखाना नियमांतली मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल (ए) आहे आणि आवाज वाढला की तास कमी होतात: ९५ ला चार, १०० ला दोन. पण तुझ्या नऊपैकी कितींना हे नियम लागू होतात, हे तू पाहिलेलं नाहीस. लहान कारखाना कामगारसंख्येमुळे त्यातून सुटू शकतो. तुलना करायची असेल तर भाषणात कर, कोणत्या नियमाशी करतेस ते सांगून. आणि फक्त सर्वांत मोठा आकडा देऊ नकोस. ९३ पासून सुरुवात आहे, हीच जास्त बोलकी गोष्ट आहे. तुझ्या शांतातल्या शांत कारखान्यातही ९० च्या वरच आहे.

भौगोलिक मानांकन गेलं, वाईट वाटून घेऊ नकोस. चादरीचा मान मोठाच आहे, पण कानांशी त्याचा संबंध नाही. ‘घरोघरी’ आणि ‘असंख्य’ याच कारणाने गेले. शासनाने, मालकांनी काय करावं ही यादीही गेली. त्यातलं तुझ्या माहितीवर उभं राहतं तेवढं शेवटच्या वाक्यात आहे.

पद्धतीत ‘ओळखीतून व सोयीने’ हे मी मुद्दाम घातलं. तुझ्या मामांमुळे कारखान्यांत शिरायला मिळालं, हे खरं आहे आणि ते लिहायला लाजायचं कारण नाही. तेलुगूचाही उल्लेख हवाच, कारण प्रश्न दोन भाषांत विचारले गेले. ‘पुन्हा बोलायला सांगावं लागतं’ हे तेलुगूत नेमकं कसं विचारलंस, ते मला कळव. प्रश्न वेगळा पडला असेल तर ३८ चा आकडा भाषेप्रमाणे तोडून पाहावा लागेल.

गुरुवारी पाठवायचं आहे. बुधवारी चारनंतर मी विभागातच असेन, तेव्हा वही आणि त्या दोन अपूर्ण प्रश्नावल्या घेऊन ये.