आकाशदर्शन मंडळ : जून २०२६ ते मे २०२७ चे कार्यक्रम

सभासद मंडळींना नमस्कार,

गेल्या वर्षी आपण अमावस्या तेवढी पाहिली, कानबाई पाहिली नाही. आदल्या संध्याकाळी दुर्बीण शेतावर नेली तर जमले सात जण. बाकीच्यांच्या घरी रोटांची तयारी! म्हणून यंदा पंचांग, परीक्षा आणि गावचे उत्सव समोर ठेवूनच तारखा काढल्या आहेत. सगळे कार्यक्रम शनिवारी.

११ जुलै, ८ ऑगस्ट : पावसाळी ढग, म्हणून बैठक सभासदाच्या घरी, सायं. ५ वाजता. जुलैत दुर्बिणीची साफसफाई. ऑगस्टमध्ये १२ तारखेच्या खग्रास सूर्यग्रहणावर गप्पा. ते भारतातून दिसणार नाही, पण समजून घ्यायला काय हरकत? २२ ऑगस्ट सोडला, कारण २३ ला कानबाई.

सप्टेंबर : सुट्टी. अमावस्येला पोळा, १४ पासून गणपती. मंडपाच्या दिव्यांत शोधणार काय?

३ ऑक्टोबर : शनी ४ तारखेला सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे रात्रभर दिसेल. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर अंधार आपलाच. १० ला अमावस्या असूनही टाळली : सर्वपित्री आहे आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना.

नोव्हेंबर : ८ ला लक्ष्मीपूजन, मग फटाक्यांचा धूर, पुढे कार्तिकी एकादशीला जळगावचा रथ. शेतकरी सभासद कापूस वेचणीत. या महिन्यात काही नाही.

१२ डिसेंबर : मिथुन राशीतला उल्कावर्षाव. खरा जोर १३-१४ च्या रात्री, पण सोमवारी शाळा, म्हणून एक रात्र आधी. चंद्रकोर लवकर मावळेल. गोधडी आणावी. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, त्याच्याशी गाठ पडत नाही.

९ जानेवारी : अमावस्येनंतर दोन दिवसांनी येणारी काळीकुट्ट रात्र, मृग नक्षत्र डोक्यावर. शेतावर भरीत-भाकरी, वर्गणी ८० रुपये. वर्षातला हा कार्यक्रम चुकवू नका.

६ फेब्रुवारी : अमावस्या आणि गुरू सर्वात तेजस्वी. दहावी-बारावीच्या मुलांनी मात्र येऊ नये. पालकांनी आग्रह केला तरी नाही. त्यांच्यासाठी गुरू १ मे ला पुन्हा दाखवू.

मार्च : बोर्डाच्या परीक्षा आणि होळी. बंद.

३ एप्रिल : खालच्या वर्गांच्या परीक्षा जवळ, म्हणून रात्री ९ पर्यंतच.

१ मे : अमावस्येजवळचा शनिवार ८ मे, पण ९ ला आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. त्या घरातून कोणी शेतावर येणार नाही. म्हणून आठवडाभर आधी. अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा त्यानंतर आहे.

विद्यापीठाचे वेळापत्रक आले की ३ ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर पुन्हा तपासू. महाविद्यालयीन सभासदांनी आपला पेपर त्या आठवड्यात असल्यास आधीच कळवावे. ढग आले तर पुढचा शनिवार गृहीत धरू नका. दुपारी ४ पर्यंत निरोप येईल.

— सचिव