विषय: ॲप क्रॅश होतंय, फवारणीच्या नोंदी उघडत नाहीत, तातडीने बघा

नमस्कार,

तुमचं फवारणी नोंदीचं ॲप बंद पडतंय. उघडतं आणि आपोआप मिटतं. कधी लगेच, कधी थोडं चालून. आधी नीट चालत होतं. मोबाइलवर बाकी सगळं व्यवस्थित आहे. व्हॉट्सॲप चालतं, हवामानाचं ॲप चालतं, तुमचंच तेवढं मिटतं. मिटायच्या आधी एक इंग्रजी ओळ येते, ती वाचायच्या आत निघून जाते. मुलाने हातात घेऊन बघितलं, त्याच्याकडेही तेच झालं. तो म्हणाला, ॲप क्रॅश होतंय, कंपनीला कळवा. म्हणून लिहितोय.

हे लगेच दुरुस्त व्हायला हवं, कारण माझी बाग काढणीला आली आहे. मण्यात पाणी उतरून बरेच दिवस झाले, साखर भरत आली आहे आणि माल युरोपला द्यायचा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून आजपर्यंतची प्रत्येक फवारणी मी तुमच्या ॲपमध्ये टाकली आहे: कोणतं औषध, किती प्रमाण, किती पाणी, कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला. डावणीसाठी काय मारलं, भुरीसाठी काय मारलं, जीएची डिपिंग कधी केली, सगळं त्यात आहे. पूर्वी हे वहीत लिहायचो. तुमचं ॲप आल्यावर वही बंद केली, कारण औषध टाकलं की काढणीआधी किती दिवस सोडायचे ते ॲप स्वतः मोजून दाखवतं आणि तारीख लाल-हिरव्या रंगात येते. ही सोय खरंच चांगली आहे. आमच्या भागात कितीतरी बागायतदारांना मीच हे ॲप घ्यायला सांगितलं आहे.

आता निर्यातदाराचा माणूस फवारणीचा तक्ता मागतोय. तक्ता बघून तो नमुना घ्यायचा की थांबायचं ते ठरवणार. शेवटची बुरशीनाशकाची फवारणी नेमक्या कोणत्या तारखेची, हे मला अंदाजाने सांगून चालणार नाही. युरोपात एखाद्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. एवढ्या बारीक हिशोबात दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तरी माल नापास होऊ शकतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे आपल्या सीसीसीच्या अंशावरून भारताची द्राक्षं युरोपात अडली होती. त्याचा फटका किती बागायतदारांना बसला ते इकडे अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून नोंदीच्या बाबतीत मी ढिलाई करत नाही.

आणखी एक महत्त्वाचं. औषधाच्या दुकानात एकाने सांगितलं की ॲप काढून टाका आणि पुन्हा घ्या, नीट होईल. मी तसं केलेलं नाही. काढून टाकल्यावर माझ्या नोंदी राहतात की जातात? त्या मोबाइलमध्ये साठलेल्या आहेत की तुमच्याकडे? हे मला स्पष्ट सांगा, तोपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही. नोंदी तुमच्याकडे सुरक्षित असतील तर ॲप दुरुस्त होण्याची वाट न बघता माझ्या खात्याचा पूर्ण तक्ता आधी पाठवून द्या. कागदावर छापून सही करून मी निर्यातदाराला देईन. क्रॅशचं काम तुम्ही मागाहून केलं तरी माझा आजचा प्रश्न सुटेल.

पुढच्या हंगामासाठी एक मागणी आहे. दर आठवड्याचा तक्ता आपोआप व्हॉट्सॲपवर येईल अशी सोय करा. बागेत कायम रेंज नसते आणि मोबाइल पाण्यात पडणं, फुटणं हे शेतात चालूच असतं. वर्षभराच्या नोंदी एकाच ठिकाणी अडकून राहणं बरोबर नाही. बागेवर एकरी लाखांनी खर्च झालेला असतो, आणि तो माल पास होणं या तारखांवर अवलंबून असतं.

सध्या सकाळी धुकं आणि दव आहे, भुरीचा धोका वाढला आहे. काढणी इतकी जवळ असताना कोणती फवारणी चालेल हेही मी तुमच्याच ॲपवर बघतो. तेही आता बघता येत नाही, त्यामुळे फवारणी थांबवून ठेवली आहे.

मला फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा बागेत कामात असतो, रिंग ऐकू येत नाही. नंबर नोंदणीच्या वेळी दिला तोच आहे. तक्ता व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल, पण उद्यापर्यंत पाठवा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
निफाड तालुका, जि. नाशिक