उद्या माझा शेवटचा दिवस

नमस्कार मंडळी,

एचआरचा मेल सगळ्यांना आलाच आहे, पण मेल वाचून कळणं वेगळं आणि मी स्वतः सांगणं वेगळं. म्हणून इथे लिहिते आहे. उद्या, शुक्रवारी, माझा इथला शेवटचा दिवस. सोमवारपासून दुसऱ्या एका कंपनीत इंटर्नल ऑडिटच्या टीममध्ये रुजू होते आहे. मेसेज लांबला आहे, सवडीने वाचा.

सोडून का चालले, हे दोघातिघांनी विचारलं. काही बिनसलेलं नाही. ऑडिटचं काम करायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं आणि संधी चालून आली. साठे सरांना सांगायला केबिनमध्ये गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काम मनासारखं आहे ना?" नोटीस पिरियड, बदली माणूस, मार्च एंड, हे सगळं त्यानंतर आलं. सर, तो प्रश्न मी विसरणार नाही. पुढे कधी माझ्या टीममधलं कोणी राजीनामा घेऊन समोर उभं राहिलं, तर मीही आधी तेच विचारेन.

वंदनाताई, तुमच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही. मी नवीन असताना एका महिनाअखेरीला ट्रायल बॅलन्स जुळत नव्हता. फरक १८० चा. सगळी व्हाउचर्स पुन्हा काढून बसायची तयारी चालली होती. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "आधी नऊने भाग जातो का बघ." गेला. मग तुम्ही कागदावर लिहून दाखवलंत, ५,६४० च्या जागी ५,४६० पडले की फरक १८० येतो. शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, म्हणून आधी तशी नोंद शोधायची. आणि फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, कारण डेबिटची नोंद क्रेडिटला पडली की फरक दुप्पट दिसतो. दहा मिनिटांत नोंद सापडली. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्याहून मोलाचं म्हणजे तुम्ही काहीही हातचं राखून न ठेवता शिकवलंत. अनुभवी माणसाने आपल्या कामाच्या खुब्या अशा मोकळ्या हाताने देणं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

गणेशदादा, तुमच्यामुळे मला स्टोअरची वाट कळली. ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. बिलात १०० खोकी आणि तुमच्या पावतीवर ९६, तेव्हा तुम्ही मला खाली बोलावून फाटलेली चार खोकी दाखवलीत. प्रत्येक खोक्यावर तुमची तारीख आणि सही होती. सप्लायरला डेबिट नोट गेली आणि त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही, तो त्या सह्यांमुळे. त्यानंतर मी नुसत्या स्क्रीनवर बघून एकही शंका मिटवली नाही. ऑडिटला जायची ओढ लागली ती तिथूनच.

आता एक गोष्ट, जी या ग्रुपवर कधीच आली नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्याजवळ होते आणि ऑफिसमध्ये क्लोजिंग चालू होतं. परत आले तर माझ्या टेबलावर कामाचा ढीग असेल असं धरून चालले होते. टेबल स्वच्छ होतं. बिलं पोस्ट झालेली, बँकेचा ताळमेळ झालेला आणि फायलीवर रेश्माच्या अक्षरात एक चिठ्ठी, "फक्त दोन सह्या बाकी. आई कशा आहेत?" कोणी काय काय केलं हे मला आजवर पूर्ण कळलेलं नाही, विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. रेश्मा, प्रसाद, इम्रान, बबनकाका आणि ज्यांची नावं मला कळलीच नाहीत ते सगळे, आई आता बरी आहे आणि तिने तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद सांगितले आहेत.

स्नेहल, तू सगळ्यात नवीन आहेस म्हणून तुला मुद्दाम लिहिते. इथे विचारायला संकोच करू नकोस. मी एकच प्रश्न तीनतीनदा विचारला आहे आणि तिन्ही वेळा शांतपणे उत्तर मिळालं आहे. तुझ्या वहीत तू शंका लिहून ठेवतेस ते मी पाहिलं आहे. फार चांगली सवय आहे, सोडू नकोस.

थोडं कामाचं. माझ्याकडची सगळी खाती प्रसादकडे गेली आहेत. शेअर्ड ड्राइव्हवर Handover नावाचा फोल्डर आहे. त्यातली Month_End_Checklist.xlsx आधी उघडा. कोणतं काम कुठल्या दिवशी, कोणाकडून कागद यायचा आणि उशीर झाला तर कोणाला फोन करायचा, हे ओळीने लिहिलं आहे. तीन सप्लायरांच्या क्रेडिट नोट यायच्या आहेत, त्यांचा पत्रव्यवहार त्याच फोल्डरमध्ये आहे. त्या आल्याशिवाय त्यांची पुढची बिलं सोडू नका, ते कितीही घाई करोत. माझं लॉगिन उद्या संध्याकाळी बंद होईल. माझ्या नावावर अडकलेलं एखादं अप्रूव्हल कोणाला दिसत असेल तर उद्या दुपारच्या आत सांगा.

आणि एक विनंती. नंतर काही अडलं तर फोन जरूर करा, कुठली फाईल कुठे आहे हे मी आनंदाने सांगेन. पण कंपनीचे कागद किंवा आकडे माझ्या वैयक्तिक नंबरवर वा मेलवर पाठवू नका. तुमच्यासाठीही ते बरं नाही आणि माझ्यासाठीही.

उद्या चार वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये थोडा वेळ जमू या. भाषणं नकोत, मला बोलता येणार नाही. नुसतं भेटायचं आहे. जे रजेवर किंवा बाहेरच्या कामावर आहेत त्यांना मी स्वतः फोन करेन. बबनकाका, तुम्ही चारला गेटवर असता हे मला माहीत आहे, म्हणून मी सकाळी आत येतानाच तुम्हाला भेटेन.

आयकार्ड जमा केलं की उद्या संध्याकाळी या ग्रुपमधून बाहेर पडेन. माझा नंबर तोच राहणार आहे. लग्न, बारसं, बढती, नवं घर, काहीही असो, कळवत राहा. बोलवाल तिथे येईन.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

मृणाल

ता.क. प्रसाद, उद्या सकाळी आल्याआल्या आधी क्रेडिट नोटांची फाईल घेऊ. बाकीचं तुला येतंच.