सोयाबीनच्या बैठकीसाठी वहिनींची कार्डं

वहिनी,

घरच्या बियाण्यावर स्लाईडा वाचून न दाखवता बोलता यावं म्हणून तुमच्या 22 स्लाईडांची ही 5 कार्डं. पोस्टकार्डाएवढी कापलीत अन् कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवलाय, हातातून पडली तरी क्रम मोडायचा नाही. पूर्ण वाक्य एकही ठेवलं नाही. वाक्य दिसलं की डोळा ते वाचायला लागतो, मग स्लाईड वाचली काय अन् कार्ड वाचलं काय, सारखंच.

कार्ड 1
घरचं बी – हात वर?
दुबार पेरणी – खर्च

पहिलं वाक्य तेवढं पाठ करा: “यंदा घरचं बी पेरणार कोण कोण, हात वर करा.” लोक हात वर करतील तोवर तुमचा श्वास जागेवर येतो. तालुक्याच्या क्षेत्राच्या 4 स्लाईडा मी काढल्या. पारावर बसणाऱ्याला हेक्टरचे तक्ते कशाला?

कार्ड 2
सरळ वाण – चालतं
साल पातळ
पोतं आपटू नका

कार्ड 3
100 दाणे – *न निवडता*
ओलं गोणपाट – 10 × 10
गुंडाळी – सावली – पाणी
6–7 दिवस
70 → एकरी 30 किलो
60 → 35 किलो
60 च्या खाली → बी बदला

हेच कार्ड खरं, बाकीची चार आजूबाजूला. ‘न निवडता’ लाल शाईनं लिहिलंय, कारण आपले लोक टपोरे दाणे वेचून घेतात अन् मग म्हणतात, 90 उगवले. बैठक पुढच्या सोमवारी आहे, म्हणजे या सोमवारीच गोणपाट भिजवा. ती गुंडाळी घेऊन जा अन् सगळ्यांसमोर सोडा. मोड दोघी-तिघींकडून मोजून घ्या. तेवढा वेळ तुम्हाला बोलायचंच नाही. आकडे मात्र कार्डात बघूनच सांगा, आकडा बघून सांगण्यात काही कमीपणा नाही.

कार्ड 4
आधी बुरशीनाशक
मग कीटकनाशक
शेवटी जिवाणू
सावलीत सुकवा

औषधांच्या नावांची स्लाईड पडद्यावर राहू द्या, तुम्ही वाचू नका. कुणी नेमकं प्रमाण विचारलं तर सहायक कृषी अधिकारी बसलेले असतील, त्यांच्याकडं बोट करा.

कार्ड 5
75–100 मिमी पाऊस
वाफसा
3–4 सेंमी खोल
मृग निघाला म्हणून नाही!

इथं कुणीतरी म्हातारं माणूस वाद घालणारच. घालू द्या. “मामा, तुमच्या रानात ओल किती खोल गेली ते सांगा,” एवढं विचारायचं.

घरी सराव करताना लॅपटॉप उघडू नका. भाकरी थापताना दादाला एकेक कार्ड सांगा, तो मधीच फाटे फोडतो, तेच पाहिजे. एखाद्या कार्डावर दोनदा अडलात तर तिथला शब्द खोडून तुमचा लिहा. औषधांची ती स्लाईड सोडली तर पडद्यावर फक्त फोटो ठेवलेत, बटण भाच्याकडं द्या.