काम पूर्णत्वाच्या दाखल्यानुसार परफॉर्मन्स बँक गॅरंटी परत मिळण्याबाबत

जावक क्र.: दिंडोरी/शीतगृह/१४७
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शेतकरी उत्पादक कंपनी (शीतगृह व पॅकहाउस प्रकल्प),
दिंडोरी, जि. नाशिक

विषय: दिंडोरी येथील सहा कक्षांचे शीतगृह व पॅकहाउस. रु. ३४,२०,००० ची परफॉर्मन्स बँक गॅरंटी मुक्त करून मूळ कागद परत करण्याबाबत.

संदर्भ:
१) कार्यादेश दि. १२ फेब्रुवारी २०२४ व करारनामा दि. २६ फेब्रुवारी २०२४
२) बँक गॅरंटी क्र. बीजी/२०२४/०१६३, दि. २९ फेब्रुवारी २०२४ व दुरुस्ती क्र. १, दि. २४ एप्रिल २०२५
३) काम पूर्णत्वाचा दाखला दि. २१ जुलै २०२५
४) पंच लिस्टचा संयुक्त पाहणी अहवाल दि. २ सप्टेंबर २०२५
५) आपल्या लेखा विभागाचा ईमेल दि. १२ सप्टेंबर २०२५

महोदय,

वरील कामाचा पूर्णत्वाचा दाखला आपल्या प्रकल्प सल्लागारांनी दि. २१ जुलै २०२५ रोजी दिला असून त्यावर आपली प्रतिस्वाक्षरी आहे. करारातील कलम ५.३ नुसार हा दाखला दिल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे २० ऑगस्ट २०२५ पर्यंत, परफॉर्मन्स गॅरंटी परत व्हायला हवी होती. ती अद्याप मिळालेली नाही. ती मुक्त करावी, ही विनंती.

दाखल्यात काम २८ जून २०२५ रोजी पूर्ण झाल्याची नोंद आहे. मूळ मुदत ३ मे २०२५ ला संपत होती. शीतकरण यंत्रणेचा पुरवठादार बदलल्यामुळे कॉम्प्रेसरच्या पायांचे नकाशे नव्याने आले आणि त्यासाठी आपण ६२ दिवसांची, म्हणजे ४ जुलैपर्यंतची, दंडविरहित मुदतवाढ दिली. काम वाढीव मुदतीच्या सहा दिवस आधी झाले. दाखल्याच्या परिच्छेद ३ मध्ये विलंबापोटी कोणतीही वसुली देय नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. गॅरंटी रोखून धरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण विलंब दंड हे असते, म्हणून या परिच्छेदाकडे मुद्दाम लक्ष वेधत आहोत.

दाखल्यासोबत ११ बाबींची पंच लिस्ट जोडली होती. त्यातल्या नऊ बाबी १४ ऑगस्टपर्यंत पूर्ण झाल्या. उरलेल्या दोन बाबी खऱ्या महत्त्वाच्या होत्या. प्रीकूलिंग खोली क्र. २ च्या दाराजवळ फरशीचा उतार गटारीऐवजी उंबऱ्याकडे जात होता, त्यामुळे धुण्याचे पाणी तिथे साचत होते. तेवढा पट्टा तोडून नवा उतार दिला आणि पाणी ओतून तो तपासला. कक्ष क्र. ४ मध्ये छत आणि भिंतीच्या पफ पॅनलचा सांधा एका कोपऱ्यात उघडा राहिला होता. बाहेरची दमट हवा तिथून आत येऊन पॅनलवर दव धरत होते. सीलंट खरवडून काढले, सांधा कोरडा केला, बाहेरच्या बाजूने बाष्परोधक पट्टी नव्याने बसवली आणि आतून पुन्हा सील केले. त्यानंतर कक्ष ०° ते १° सेल्सिअसवर ४८ तास चालवला. कोपरा कोरडा राहिला. २ सप्टेंबरच्या संयुक्त पाहणी अहवालात दोन्ही बाबींपुढे ‘पूर्ण’ अशी नोंद असून त्यावर आपल्या देखभाल अभियंत्यांची सही आहे. म्हणजे दाखल्याला जोडलेली एकही अट आता शिल्लक नाही.

आता लेखा विभागाच्या ईमेलबाबत. कलम ५.२ मध्ये गॅरंटी ‘करारातील जबाबदाऱ्या पूर्ण होईपर्यंत वैध ठेवावी’ असे म्हटले आहे. दोष दायित्व कालावधी २७ जून २०२६ पर्यंत असल्याने गॅरंटी तोपर्यंत परत करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कलम ५.२ एकटे वाचले तर तसा समज होऊ शकतो, हे आम्हाला मान्य आहे. पण गॅरंटी परत कधी करायची, हे लगेच पुढच्या कलम ५.३ मध्ये वेगळे सांगितले आहे आणि तिथे फक्त पूर्णत्वाच्या दाखल्याचा उल्लेख आहे. दोष दायित्वासाठी कलम १७.४ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. प्रत्येक चालू बिलातून ५ टक्के रिटेन्शन कापायची आणि ती दोष दायित्व कालावधी संपल्यावर द्यायची, अशी ती तरतूद आहे. त्याप्रमाणे रु. ६,७२,४०,००० च्या झालेल्या कामावर रु. ३३,६२,००० आपल्याकडे रोख जमा आहेत. ही रक्कम आम्ही आज मागत नाही. ती कराराप्रमाणे २७ जून २०२६ पर्यंत आपल्याकडेच राहील.

गॅरंटीच्या तारखा पाहिल्या तरी हेच दिसते. करार झाला तेव्हा गॅरंटीची मुदत ३ ऑगस्ट २०२५ होती, म्हणजे नियोजित पूर्णतेनंतर तीन महिने. त्याच वेळी करारातला दोष दायित्व कालावधी मे २०२६ पर्यंत जात होता. गॅरंटी दोष दायित्वासाठी घ्यायची असती, तर नऊ महिने आधी संपणारी गॅरंटी आपण स्वीकारली नसती. मुदतवाढीनंतर दुरुस्ती क्र. १ ने ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. तीही दोष दायित्व कालावधीच्या जवळजवळ सहा महिने आधी संपते.

संचालक मंडळात आणखी एक शंका येऊ शकते, आणि ती रास्त आहे. शीतगृहाने अजून एकही पूर्ण हंगाम पाहिलेला नाही. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षे जानेवारीपासून येतील आणि सहाही कक्ष पूर्ण भरल्यावरच इमारतीची खरी परीक्षा होईल. जानेवारी ते एप्रिल हा सगळा हंगाम दोष दायित्व कालावधीतच येतो. त्या काळात पॅनल, फरशी, डॉक किंवा छतात दोष निघाला तर लेखी कळवल्यापासून ४८ तासांत आमचा माणूस जागेवर येईल. आम्ही आलो नाही, तर कलम १७.३ नुसार आपण दुरुस्ती करून खर्च रिटेन्शनमधून वळता करू शकता. हंगामात माल भरलेला असताना हे ४८ तास किती महत्त्वाचे असतात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. गॅरंटी परत केल्याने यातले काहीही कमी होत नाही.

‘३१ डिसेंबरला गॅरंटी आपोआप संपेलच, मग घाई कशाला?’ असेही वाटू शकते. पण या गॅरंटीत दावा करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मूळ गॅरंटी आणि मुक्ततेचे पत्र हातात येईपर्यंत बँक ही जबाबदारी आपल्या वहीतून काढत नाही. तोपर्यंत २० टक्के मार्जिनपोटी ठेवलेली आमची रु. ६,८४,००० ची मुदत ठेव अडकून राहते आणि गॅरंटीच्या मर्यादेतले रु. ३४,२०,००० नव्या कामासाठी वापरता येत नाहीत. वार्षिक १.५ टक्के कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून आम्हाला दर तिमाहीला रु. १५,१३३.५० भरावे लागतात. २० ऑगस्टनंतरच्या या खर्चाची मागणी आम्ही तूर्त करत नाही. त्याबाबतचे करारातील हक्क मात्र अबाधित आहेत. अंतिम बिलाची तपासणी स्वतंत्रपणे चालू आहे आणि कलम ५.३ मध्ये गॅरंटीचा संबंध अंतिम बिलाशी जोडलेला नाही. म्हणून बिल मंजूर होण्याची वाट न पाहता गॅरंटी मुक्त करावी.

गॅरंटी बँक ऑफ महाराष्ट्रच्या नाशिक येथील शाखेने दिली आहे. आपल्याकडून पुढील कागद लागतील:

१) मूळ गॅरंटी, स्टँप पेपरसह.
२) दुरुस्ती क्र. १ ची मूळ प्रत. बहुतेक वेळा हीच फाइलमध्ये मागे राहते आणि त्यावरून बँक संपूर्ण प्रकरण परत पाठवते. आपल्याकडे ती एप्रिलच्या मुदतवाढीच्या पत्रासोबत लावलेली असावी.
३) आपल्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, मुक्ततेचे पत्र. त्यावर मंडळाच्या ठरावाप्रमाणे दोन्ही अधिकृत व्यक्तींच्या सह्या आणि ठरावाची साक्षांकित प्रत हवी.

पत्राचा मजकूर खाली दिला आहे. गॅरंटीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम जशीच्या तशी ठेवावी. ‘दोष दायित्वाच्या अधीन राहून’ किंवा ‘मुदत संपल्यामुळे’ असे शब्द पत्रात आले तर बँक ते सशर्त समजते आणि मार्जिन सोडत नाही.

“प्रति, शाखा व्यवस्थापक, बँक ऑफ महाराष्ट्र, नाशिक.
आपल्या शाखेने दि. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी आमच्या नावे दिलेली रु. ३४,२०,००० (अक्षरी रुपये चौतीस लाख वीस हजार फक्त) ची बँक गॅरंटी क्र. बीजी/२०२४/०१६३ व तिची दुरुस्ती क्र. १, दि. २४ एप्रिल २०२५, आम्ही विनाशर्त मुक्त करीत आहोत. या गॅरंटीखाली आमचा कोणताही दावा प्रलंबित नाही आणि पुढे केला जाणार नाही. आपल्या बँकेची या गॅरंटीखालील जबाबदारी आजपासून संपुष्टात आली आहे. मूळ गॅरंटी व दुरुस्ती रद्द करण्यासाठी सोबत जोडली आहे.”

हे पत्र मूळ कागदांसह थेट शाखेत द्यावे किंवा स्पीड पोस्टने पाठवावे आणि एक प्रत आम्हाला द्यावी. गॅरंटी आपल्या बँकेला एसएफएमएसवर कळवली गेली होती. त्यामुळे आमची शाखा कदाचित आपल्या बँकेकडून पत्राची खातरजमा करेल. आपल्या बँकेच्या शाखेला आधी कल्पना देऊन ठेवल्यास तो दिवस वाचेल. केवळ स्कॅन प्रत ईमेलने पाठवून काम होणार नाही. मूळ कागद सापडत नसेल तर तसे लगेच कळवावे. अशा वेळी बँकेच्या नमुन्यात नुकसानभरपाईचे बंधपत्र करावे लागते आणि त्यात जास्त दिवस जातात.

१७ ऑक्टोबरला वसुबारस आहे आणि त्यानंतरच्या आठवड्यात दोन्हीकडची कार्यालये व बँका दिवाळीच्या सुट्टीत असतील. म्हणून गुरुवार, दि. १६ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ही कागदपत्रे शाखेत पोहोचतील, अशी व्यवस्था करावी. लेखा विभागाला कलम ५.२ आणि ५.३ बाबत चर्चा हवी असेल तर ८ किंवा ९ तारखेला मूळ करार घेऊन आपल्या कार्यालयात यायला आम्ही तयार आहोत. कोणती वेळ सोयीची आहे, तेवढे कळवावे.

कळावे,

आपला विश्वासू,

प्रकल्प प्रमुख व अधिकृत स्वाक्षरीकर्ता
(कंत्राटदार संस्थेकरिता)

सोबत: पूर्णत्वाचा दाखला, संयुक्त पाहणी अहवाल, करारातील कलम ५ व १७ ची पाने, गॅरंटी व दुरुस्तीची छायाप्रत, मुक्तता पत्राचा मसुदा.

प्रत माहितीसाठी: १) प्रकल्प सल्लागार. २) शाखा व्यवस्थापक, बँक ऑफ महाराष्ट्र, नाशिक.