विषय: आगळाच्या जाहिरातीला नकार

नमस्कार मॅडम,

तुमचा मेल आणि दोन बाटल्या सोमवारी मिळाल्या. उत्तराला चार दिवस लागले, कारण रक्कम वाचून मीही विचारात पडले होते. दोन रील्स आणि एका स्टोरीचे अठरा हजार मला अजून कुणी देऊ केलेले नाहीत. तरी हे काम मी घेत नाही.

एक बाटली उघडली. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ‘आमच्या घरात वर्षभर हेच आगळ’ असं वाक्य आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटक आहेत: साखर, पाणी, कोकम अर्क, सायट्रिक ॲसिड, रंग. पहिली साखरच! हे सरबताचं सिरप झालं. आमच्याकडे आगळ म्हणजे रातांब्याचा रस आणि मीठ, बस. सासूबाई मे महिन्यात रातांबे फोडून बरणीत मीठ घालून ठेवतात आणि रोज लाकडी डावाने हलवतात. तरीही खात्री करावी म्हणून तुमच्या बाटलीतलं दोन चमचे नारळाच्या रसात घालून सोलकढी केली. रंग बर्फाच्या गोळ्यासारखा आला आणि कढी गोड लागली. नवऱ्याने वाटी बाजूला सारून भात नुसत्या आमटीशी खाल्ला.

माझे फॉलोअर्स जेमतेम अकरा हजार. निम्मे मुंबई-पुण्यातले चाकरमानी, ते मला नावाने नाही, ‘वेंगुर्ल्याची वहिनी’ म्हणून ओळखतात. गेल्या मे महिन्यात आगळाचा व्हिडिओ टाकला, तेव्हा डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं होतं, “बाबांना शुगर आहे, चालेल का?” मी लिहिलं होतं, “आगळात साखर नसते, मीठ मात्र बघून घाला.” आता त्याच ताईंनी माझ्या शब्दावर तुमची बाटली मागवली तर?

दुसरी गोष्ट. फोनवर तुमच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की ‘जाहिरात’ असं लिहू नका, घरगुती वाटलं पाहिजे. पैसे घेतले की ते ठळक सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे नियम आहेत, आणि दिशाभूल झाली तर दंड जाहिरात करणाऱ्यालाही होतो, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत. माझ्या घराची कौलं विकूनही तेवढे जमायचे नाहीत. पण नियम नसता तरी मी लपवलं नसतं.

तुमचा माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाहुण्यांना झटपट सरबत द्यायला चालेल. लेबलावर ‘कोकम सरबत सिरप’ लिहिलंत आणि ‘जाहिरात’ लिहायला हरकत नसेल, तर पुन्हा बोलू. आगळ म्हणून मात्र नाही.

न उघडलेली बाटली उद्या पोस्टाने पाठवते. उघडलेलीचे पैसे कळवा, लगेच पाठवते. तुमच्याबद्दल मी कुठेही पोस्ट टाकणार नाही, काळजी नसावी.

आपली,
वेंगुर्ल्याची वहिनी